जादा बॉक्सचा एकवेळचा भाव

फेब्रुवारीचा मध्य. दिंडोरी, निफाड भागात निर्यातीच्या द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते. अशा वेळी एखाद्या पॅकहाउसला रॉटरडॅमच्या आयातदाराचा फोन येतो: ठरलेल्या मालाखेरीज आणखी दोन कंटेनर पुढच्या आठवड्याच्या जहाजावर चढवता येतील का? बागेत माल आहे, साखर भरली आहे, रेसिड्यूचा रिपोर्ट हातात आहे, मजूरही जमवता येतात. अडतं ते रिकाम्या बॉक्सपाशी. चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये सुमारे तेरा टन द्राक्षं जातात. पाच किलोचा बॉक्स धरला तर एका कंटेनरला 2,600, म्हणजे दोन कंटेनरला 5,200 बॉक्स लागणार. गोदामात आहेत ते आधीच ठरलेल्या मालासाठी मोजून ठेवलेले.

द्राक्षाचा बॉक्स बाजारात जाऊन उचलून आणता येत नाही. त्याचं माप पॅलेटवर बसणारं हवं, हवेची भोकं ठरलेल्या जागी हवीत, छपाई आयातदाराने मंजूर केलेली हवी. साच्याची डाय नेहमीच्या कारखान्यात पडलेली असते. दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तर नवी डाय आणि नवा नमुना करण्यातच जहाज निघून जाईल. त्यामुळे वर्षाचा करार ज्याच्याशी आहे त्याच पुरवठादाराला विचारावं लागतं, आणि विचारायचं असतं ते या एका खेपेपुरत्या भावाचं. व्यवहारात याला स्पॉट रेट म्हणतात. चालू कराराचा दर तसाच राहतो, त्याच्या शेजारी एका ऑर्डरपुरता दुसरा दर उभा राहतो.

हा दुसरा दर मागणं दिसतं तितकं सोपं नाही. घाईत फोन उचलून "शेठ, अर्जंट आहे, काय लावायचं ते लावा, पण बॉक्स द्या," असं म्हणणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. त्यांना बॉक्स मिळतातही. पण त्या एका वाक्याने तीन गोष्टी हातातून जातात: भावावरचा ताबा, करारातल्या दराची सुरक्षितता आणि करारातल्या मालाचं वेळापत्रक. शेवटची दोन नुकसानं बिलात दिसत नाहीत, म्हणून ती उशिरा कळतात.

फोन करण्याआधी कराराची फाइल उघडायला हवी. बहुतेक रेट करारांत वर्षाचा किंवा हंगामाचा अंदाजी आकडा असतो, महिन्यावार शेड्यूल असतं आणि त्या शेड्यूलमध्ये दहा-पंधरा टक्के कमीजास्त करण्याची मुभा असते. सरकारी खरेदीत तर मूळ प्रमाणाच्या 25 टक्क्यांपर्यंत जादा माल त्याच दराने मागण्याचा पर्याय निविदेतच ठेवण्याची पद्धत आहे. पॅकहाउसचं फेब्रुवारीचं शेड्यूल 40,000 बॉक्सचं असेल आणि दहा टक्क्यांची मुभा असेल, तर पहिले 4,000 जादा बॉक्स करारातल्याच दराने मिळायला हवेत. स्पॉट रेटचा प्रश्न उरतो तो फक्त 1,200 बॉक्सचा. हे न बघता सगळ्या 5,200 बॉक्सचा वेगळा भाव विचारला, तर खरेदीदाराने स्वतःचा हक्क स्वतःच सोडला असं होतं. पुरवठादार त्याची आठवण करून देईलच असं नाही.

इथे मात्र असं धरू की महिन्याची मुभा आधीच वापरून झाली आहे आणि 5,200 च्या 5,200 बॉक्स कराराबाहेरचे आहेत.

आता भाव कसा बनतो ते पाहू, कारण ते माहीत नसेल तर समोरून आलेला आकडा रास्त की फुगवलेला हे कळायला मार्ग नाही. कोरुगेटेड बॉक्सच्या किमतीत मोठा वाटा क्राफ्ट कागदाचा असतो. पाच पदरी बॉक्समध्ये तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी कागद असतात. नागमोडी कागद वळ्यांमुळे त्याच लांबीला दीडपटीच्या आसपास जास्त लागतो. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनात मोजतात. सगळे पदर 150 जीएसएमचे असतील आणि एका बॉक्सला अर्धा चौरस मीटर पत्रा लागत असेल, तर वाया जाणारं धरून एका बॉक्समध्ये 450 ग्रॅमच्या आसपास कागद बसतो. हिशोबाची किल्ली हीच आहे. कागद किलोमागे एक रुपयाने वाढला की बॉक्स 45 पैशांनी महागतो.

करार झाला तेव्हा कागद 35 रुपये किलो होता आणि बॉक्सचा दर 30 रुपये ठरला, असं उदाहरणादाखल घेऊ. आज कागद 39 झाला आहे. चार रुपयांच्या वाढीचे बॉक्समागे 1 रुपया 80 पैसे. शिवाय कारखानदार एरवी वापीच्या मिलमधून गाडी भरून रीळ आणतो. तो कागद करारातल्या बॉक्ससाठी बांधलेला आहे. या तातडीच्या कामासाठी त्याला स्थानिक व्यापाऱ्याकडून किलोमागे आणखी दोन रुपये देऊन कागद घ्यावा लागेल. त्याचे 90 पैसे. दोन रात्रपाळ्यांच्या जादा मजुरीचे 6,000 रुपये, म्हणजे बॉक्समागे 1 रुपया 15 पैसे. वेगळ्या गाडीचं भाडं 5,200, म्हणजे बॉक्समागे एक रुपया. एकूण वाढ 4 रुपये 85 पैसे. करारातल्या 30 रुपयांवर हा स्पॉट रेट 35 च्या आसपास बसतो, आणि गैरसोय सोसल्याबद्दल रुपया-दीड रुपया जास्त मागितला तरी तो अन्याय म्हणता येणार नाही.

समोरून 42 चा आकडा आला तर मधल्या सात रुपयांचं स्पष्टीकरण मागायला खरेदीदाराकडे आधार असतो. 5,200 बॉक्सवर ते 36,400 रुपये होतात. पण दुसरी बाजूही त्याच वेळी मांडायला हवी. पाच रुपये वाढले तर द्राक्षाच्या किलोमागे एक रुपया वाढतो. जादा कंटेनरच्या सौद्यात तेवढी जागा आहे का, किती रुपयांपर्यंत बॉक्स परवडतो आणि त्यापुढे आयातदाराला नाही म्हणायचं का, हे फोन करण्याआधी कागदावर लिहिलेलं असावं. जहाजाची तारीख डोक्यावर असताना हा आकडा मनात ठरवायला गेलं तर तो दर तासाला वर सरकतो.

मग विचारायचं कसं? पहिला फोनच होतो, आणि तो व्हायलाच हवा. नाशिकच्या बाजारात अशी कामं ओळखीवर चालतात. पण फोनवर भाव ठरवू नये. फोन करायचा तो शक्य आहे का हे विचारायला. "शेठ, शेड्यूलच्या बाहेर पाच हजार दोनशे बॉक्स लागतायत, बुधवारपर्यंत. तुमच्याकडे कागद आहे का, मशीन मोकळं आहे का, तेवढं सांगा. रेटचं मी लेखी पाठवतो." एवढं पुरे. त्यानंतर तासाभरात ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागणी जावी. तिचा मजकूर साधारण असा असतो:

"आपल्या चालू रेट कराराखेरीज खालील मालासाठी एकवेळचा दर कळवावा. पाच पदरी द्राक्ष बॉक्स, 5 किलो, माप व कागद करारातल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे, संख्या 5,200. निम्मा माल सोमवारी संध्याकाळपर्यंत, उरलेला बुधवारी दुपारपर्यंत पॅकहाउस पोच. दर देताना कागद, जादा मजुरी व वाहतूक यांचा फरक वेगवेगळा दाखवावा. कर वेगळा लिहावा. हा दर फक्त याच ऑर्डरपुरता राहील. चालू कराराचे दर, प्रमाण व शेड्यूल यांत त्यामुळे काहीही बदल होणार नाही. करारातील फेब्रुवारीचा माल ठरल्या तारखांनाच मिळेल याची खात्री द्यावी. उत्तर आज संध्याकाळी सहापर्यंत अपेक्षित."

या मजकुरातलं प्रत्येक वाक्य कशासाठी तरी आहे. निम्मा माल सोमवारी मागितला आहे, कारण पॅकिंग एका दिवसात होत नाही. 5,200 बॉक्स एकदम लागत नाहीत आणि दोन हप्ते दिले की कारखानदारालाही श्वास घ्यायला जागा मिळते. फरक वेगवेगळा दाखवायला सांगितलं आहे, कारण एकच आकडा आला की त्यावर घासाघीस होते, आणि तोडून आलेल्या आकड्यावर बोलणं होतं. भाडं जास्त वाटलं तर पॅकहाउस स्वतःची गाडी पाठवू शकतं. मजुरी जास्त वाटली तर एक दिवस उशीर चालेल का, हे विचारता येतं. छपाईत वेळ जात असेल तर कोऱ्या बॉक्सवर लेबल लावून चालेल का, हे आयातदाराला विचारून घेता येतं. त्याने हो म्हटलं तर कारखान्यात एक टप्पाच वाचतो. स्पॉट रेट उतरवायचा खरा रस्ता हा असतो: पुरवठादाराला ज्या गोष्टीचा त्रास होतो ती गोष्ट शोधून सैल करणं.

कराराला धक्का लागणार नाही हे वाक्य उगाच घातलेलं नसतं. भारतीय करार कायदा 1872 च्या 62 व्या कलमानुसार दोन्ही बाजूंनी जुन्या कराराऐवजी नवा करार केला किंवा जुना बदलला, तर मूळ करार पाळण्याचं बंधन राहत नाही. एकाच मालाची, त्याच दोन पक्षांतली, पण वेगळ्या दराची ऑर्डर मोघम शब्दांत निघाली, तर पुढे कोणीतरी म्हणू शकतं की आपण दर बदलून घेतलाच होता. छोट्या व्यवहारात कोर्टापर्यंत कोणी जात नाही, हे खरं. पण पुढच्या महिन्यात दरवाढीची बोलणी सुरू झाली की "फेब्रुवारीत तुम्ही 36 दिलेच होते की," हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याचं उत्तर त्या एका लेखी ओळीत असतं.

त्याच कायद्याचं सातवं कलमही इथे कामाला येतं. स्वीकार हा पूर्ण आणि विनाअट असावा लागतो. पुरवठादाराने 36 रुपये कळवले आणि खरेदीदाराने "ठीक आहे, 35 ला पाठवा" असं उत्तर दिलं, तर तो स्वीकार होत नाही, उलटा प्रस्ताव होतो. समोरून होकार येईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं. घाईत ही गफलत नेहमी होते. पॅकहाउसला वाटतं ऑर्डर गेली, कारखान्यात वाटतं अजून बोलणं चालू आहे, आणि रविवार निघून जातो.

पुरवठादाराच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या मनात भावापेक्षा मोठी एक शंका असते: जादा मालाचे पैसे कधी मिळणार? बॉक्स बनवणारे बहुतेक कारखाने सूक्ष्म किंवा लघु उद्योगांत मोडतात. अशा उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, पण शेतमालाच्या धंद्यात हंगाम संपेपर्यंत बाकी लांबणं सर्रास चालतं. जानेवारीची बिलं थकलेली असताना स्पॉट रेट मागितला, तर येणाऱ्या आकड्यात त्या थकबाकीचं व्याज आणि राग दोन्ही मिसळलेले असतात. मागची बाकी त्याच दिवशी भरणं, किंवा या ऑर्डरच्या कागदाचे पैसे आगाऊ देणं, हे बॉक्समागे रुपया-दोन रुपये उतरवणारं सगळ्यात सोपं साधन आहे. ते असूनही वापरलं जात नाही, कारण खरेदी बघणारा माणूस आणि पैसे सोडणारा माणूस वेगवेगळे असतात.

आता तो धोका, जो भाव ठरल्यानंतर सुरू होतो. स्पॉट रेट करारातल्या दरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे पुरवठादारासमोर एक मोह उभा राहतो: करारासाठी तयार झालेले बॉक्सच जादा ऑर्डरमध्ये पाठवायचे आणि करारातला माल चार दिवस उशिरा द्यायचा. खरेदीदाराला बॉक्स वेळेवर मिळाल्याचं समाधान मिळतं, पण त्याने आपलाच माल जास्त भावाने विकत घेतलेला असतो. मोठ्या बाजारात याचं उघड उदाहरण 2021 मध्ये दिसलं. पाकिस्तानला द्रवरूप नैसर्गिक वायू पुरवण्याचे दीर्घ मुदतीचे करार केलेल्या गनव्हॉर आणि एनी या कंपन्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस ठरलेली जहाजं देण्यास असमर्थता कळवली. त्या काळात स्पॉट बाजारातला वायूचा भाव करारातल्या भावाच्या कितीतरी वर गेला होता. करारात दंडाला मर्यादा होती आणि भावातला फरक त्याहून मोठा होता. दरी इतकी रुंद झाली की करार टिकवणं पुरवठादारासाठी तोट्याचं होतं. द्राक्षाच्या बॉक्समध्ये रकमा फार लहान आहेत, पण ओढ तीच आहे.

म्हणून जादा माल येत असतानाच्या आठवड्यात करारातल्या मालाच्या चलनांवर लक्ष ठेवावं लागतं. रोज 1,500 बॉक्स यायचे आणि सोमवारपासून 900 यायला लागले, तर उरलेले कुठे गेले हे कळायला फार विचार करावा लागत नाही. त्या वेळी भांडण न करता एकच मागणी करावी: जितका करारातला माल कमी आला, तितक्या जादा बॉक्सना करारातलाच दर लागेल. हे ऑर्डरमध्ये आधी लिहून ठेवलं असेल तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

दुसरा धोका मालाच्या प्रतीचा. घाईत बनलेला बॉक्स दोन प्रकारे फसवतो. एक, कागद कमी जीएसएमचा वापरलेला असतो, कारण त्या दिवशी व्यापाऱ्याकडे तोच होता. दोन, स्टार्चची खळ नीट वाळायच्या आधी बॉक्स बांधून गाडीत टाकलेले असतात. दोन्ही गोष्टी पॅकहाउसच्या दारात ओळखता येतात. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून दहा बॉक्स काढून काट्यावर ठेवावेत. साडेचार किलोच्या जागी चार किलो भरले तर कागद हलका आहे. फक्त ओला बॉक्स जड भरतो, त्यामुळे हाताला गारसर, लिबलिबीत लागणारा बॉक्स वजनात बरोबर आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. तो दोन तास पंख्याखाली ठेवून पुन्हा तोलावा. पत्र्यावर नागमोडी रेघा वरून उठून दिसत असतील, बॉक्सचे कान वाकले असतील, तर तेही ओलाव्याचंच लक्षण. ही तपासणी कंटाळवाणी वाटते, पण द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांवरच्या आर्द्रतेत आठवडेच्या आठवडे प्रवास करतात. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा तो प्रवास आणखी लांबला. आधीच ओला असलेला बॉक्स या हवेत ताकद सोडतो, पॅलेटचा खालचा थर दबतो आणि त्याचा दावा तीन-चार आठवड्यांनी फोटोंसकट येतो. तोवर स्पॉट रेटवर वाचवलेले पैसे कोणाच्या लक्षातही नसतात.

राहिला हिशोबाच्या टेबलावरचा भाग. जादा मालाची खरेदी ऑर्डर वेगळ्या नंबरची हवी आणि बिलही वेगळं हवं. अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच वस्तूच्या नावाखाली 36 चा दर चढला, तर पुढच्या वेळी तोच शेवटचा खरेदी दर म्हणून समोर येतो, आणि डेटा भरणारा माणूस करारातल्या मालालाही तोच लावून मोकळा होतो. वस्तूच्या नावापुढे "जादा" असा शब्द जोडून वेगळी नोंद केली की हे टळतं. मार्चअखेर करारातले किती आणि बाहेरचे किती, हाही आकडा त्यातूनच हाती येतो.

तो आकडा फार महत्त्वाचा आहे. हंगामात एकदा स्पॉट रेट घेणं हे तातडीचं काम झालं. तीनदा-चारदा घ्यावा लागला तर करारातला अंदाजच चुकीचा आहे, आणि जादा मोजलेले पैसे ही त्या चुकीची किंमत आहे. पुढच्या वर्षीच्या करारात मग दोन गोष्टी घालून घेता येतात. शेड्यूलच्या वर पंधरा टक्क्यांपर्यंतचा माल त्याच दराने. त्यापुढच्या मालाला सूत्र: कागदाच्या भावातला फरक गुणिले 0.45 किलो, अधिक प्रत्यक्ष जादा मजुरी, अधिक प्रत्यक्ष भाडं, अधिक बॉक्समागे ठरलेला एक रुपया. यात एकच गोष्ट नीट ठरवावी लागते: कागदाचा भाव कोणत्या दिवसाचा आणि कोणाच्या बिलावरचा धरायचा. मिलचं बिल की व्यापाऱ्याचं, ऑर्डरच्या दिवशीचं की पोच झाल्याच्या दिवशीचं, हे ऑक्टोबरमध्ये दोघं शांतपणे बसलेले असतात तेव्हाच लिहून टाकावं. फेब्रुवारीत ते ठरवायला वेळ मिळत नाही.